दिवाळीनंतरचे तीन आठवडे व्हिएतनाम, कंबोडिया आणि थायलंडमध्ये: मुक्कामांचा क्रम कसा लावावा? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

दिवाळीला जोडून तीन आठवड्यांची सुट्टी काढून या तीन देशांना जाण्याचा बेत नाशिकमधील अनेक मंडळी करत आहेत, आणि त्यांच्याकडून येणारे प्रश्न बहुतेक एकाच गोष्टीभोवती फिरतात: आधी कुठे जायचे आणि शेवटी कुठे. येथील उत्तरे केवळ क्रमापुरती आहेत. हॉटेले, खरेदी किंवा प्रेक्षणीय स्थळांची यादी येथे मिळणार नाही.

१. तिन्ही देश शेजारी शेजारी आहेत, हवामानही सारखेच असणार. मग क्रमाने काय फरक पडतो?

हवामान सारखे नसते, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तर मुळीच नसते. मे ते ऑक्टोबर या काळात नैऋत्य मोसमी वारे थायलंडचा पश्चिम किनारा, कंबोडिया आणि दक्षिण व्हिएतनाम भिजवतात. ऑक्टोबरच्या सुमारास हे वारे मागे हटतात आणि ईशान्येकडून वारे वाहू लागतात. हे ईशान्य वारे समुद्रावरून बाष्प घेऊन ज्या किनाऱ्यांवर समोरून धडकतात, तेथे पावसाळा याच सुमारास सुरू होतो. आपल्याकडे पाऊस संपलेला असताना चेन्नईत तो जोर धरतो, त्यामागेही हेच वारे आहेत. व्हिएतनामचा मध्य किनारा आणि थायलंडच्या आखाताची बाजू हे या भागातील तसे किनारे होत.

परिणामी एकाच आठवड्यात हनोईत स्वच्छ ऊन, मध्य किनाऱ्यावरील होई आनच्या गल्ल्यांत गुडघाभर पाणी आणि क्राबीला अधूनमधून सर, असे चित्र असू शकते. क्रम चुकला तर प्रत्येक ठिकाणी चुकीच्या आठवड्यात पोहोचण्याची पाळी येते.

२. मग थोडक्यात क्रम काय ठेवावा?

उत्तर व्हिएतनाम, मग कंबोडिया, आणि शेवटी थायलंडचा अंदमान समुद्राकडील किनारा, म्हणजे क्राबी किंवा फुकेत. परतीचा पाऊस उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकत जातो, आणि आपण त्याच्या मागून चालायचे, एवढेच या क्रमाचे सूत्र आहे. हनोईचा पाऊस ऑक्टोबरमध्येच ओसरू लागतो, कंबोडियातील अंगकोरच्या मंदिरांचा परिसर नोव्हेंबरच्या सुरुवातीला कोरडा होतो आणि अंदमान किनारा नोव्हेंबरच्या उत्तरार्धात भरवशाचा होतो.

सुदैवाने शरीराला सोसणारा क्रमही हाच आहे. हनोईची हवा नोव्हेंबरमध्ये सुखद असते, त्यामुळे चालण्याची कामे ताज्या पायांनी थंड हवेत होतात आणि दमटपणा व उकाडा समुद्रात डुंबायचे असते त्या दिवसांत वाट्याला येतो. याविषयी अधिक प्रश्न ६ मध्ये पाहावे.

३. दिवाळी दर वर्षी पुढे-मागे होते. क्रम दर वर्षी बदलतो का?

क्रम बदलत नाही. प्रत्येक ठिकाणी किती रात्री द्यायच्या, हे मात्र बदलते. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होते. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ते ८ नोव्हेंबरला आले आहे. भाऊबीज करून लगेच निघालात, तर पहिल्या प्रकारच्या वर्षी तुम्ही नोव्हेंबरच्या पहिल्याच आठवड्यात समुद्रावर पोहोचता. तेव्हा सरींची शक्यता बरीच असते. दुसऱ्या प्रकारच्या वर्षी तेथे पोहोचेपर्यंत महिना संपत आलेला असतो.

म्हणून दिवाळी लवकर असेल, तर उत्तर व्हिएतनामला दोन-तीन रात्री जास्त द्याव्यात आणि समुद्राच्या तेवढ्या रात्री कमी कराव्यात. दिवाळी उशिरा असेल, तर याच्या उलट करण्यास हरकत नाही.

४. होई आन आणि दानांग सगळेच करतात. ते मध्ये कुठे बसवावे?

ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या प्रवासात ते कुठेही बसवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आठवडाभर आधी किंवा नंतर गेल्याने येथे काही साधत नाही, कारण ह्युए ते होई आन या पट्ट्याचा मुख्य पावसाळाच ऑक्टोबर ते डिसेंबर हा आहे. ईशान्य वारे ट्रुआँग सान पर्वतरांगेला अडतात आणि पाऊस किनाऱ्यावर रिकामा होतो. २०२५ च्या ऑक्टोबरअखेरीस ह्युएजवळच्या डोंगरात चोवीस तासांत दीड मीटरहून अधिक पाऊस पडला आणि होई आनचे जुने गाव पाण्याखाली गेले. तो पाऊस असाधारण होता. तेथे नोव्हेंबरमध्ये पूर येणे मात्र नवलाचे नाही, आणि गावातील जुन्या घरांच्या भिंतींवर पूर्वीच्या पुरांच्या पातळ्यांच्या खुणाही पाहायला मिळतात.

यात्रा कंपन्यांच्या छापील कार्यक्रमात हनोई, दानांग, सायगाव हा क्रम बाराही महिने तसाच असतो. नकाशावर तो सरळ रेषेत दिसतो, म्हणून पटतोही. होई आन पाहायचेच असेल, तर फेब्रुवारी ते ऑगस्ट या काळात वेगळा प्रवास आखावा. त्यासाठी प्रश्न १३ उपयोगी पडेल.

५. नाशिकहून निघून पहिल्या दिवशी काय करता येईल?

जवळजवळ काहीच नाही, आणि क्रम आखताना हेच गृहीत धरावे. तिन्ही देशांची घड्याळे आपल्यापेक्षा केवळ दीड तास पुढे आहेत, त्यामुळे वेळबदलाचा त्रास म्हणावा तसा होत नाही. खरा त्रास जागरणाचा असतो. मुंबईहून या दिशेने जाणारी बरीच उड्डाणे रात्रीची आहेत. इगतपुरी ते आमणे हा समृद्धी महामार्गाचा टप्पा २०२५ च्या जूनमध्ये खुला झाल्यापासून कसारा घाट टाळता येतो, तरीही भिवंडी-ठाण्याची कोंडी धरून नाशिकहून दुपारीच निघणे शहाणपणाचे ठरते. घर सोडल्यापासून हनोईच्या विमानतळाबाहेर येईपर्यंत पंधरा-सोळा तास सहज जातात आणि त्यातले तीन-चार तास झोप लागली तरी पुष्कळ.

पहाटे पोहोचल्यावर खोली दुपारी दोनला मिळणार असते, हा दुसरा अडथळा. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील, तर आदल्या रात्रीपासूनच खोली घ्यावी. तो एका रात्रीचा खर्च संपूर्ण पहिला आठवडा वाचवतो. त्यामुळेच पहिला मुक्काम तीन रात्रींपेक्षा कमी ठेवू नये आणि विमानतळावरून थेट हा लाँग उपसागरातील बोटीवर जाण्याचा मोह टाळावा.

६. तीन आठवड्यांत थकवा नेमका केव्हा येतो आणि त्यानुसार क्रम कसा लावावा?

पहिले दोन-तीन दिवस जागरणाचे ओझे असते. चौथ्या दिवसापासून साधारण नवव्या-दहाव्या दिवसापर्यंत माणसाला पहाटे उठणे, जिने चढणे, दिवसभर चालणे हे सगळे जमते. त्यानंतर एक उतार येतो. तो ओळखण्याच्या खुणा साध्या आहेत: सकाळी कोणी आवरायला तयार नसते, जेवणाच्या जागेवरून घरात वाद होतात आणि आणखी एक देऊळ पाहायचे म्हटले की सगळे गप्प बसतात. हा उतार शेवटच्या आठवड्यात समुद्रावर आला तर कोणाचे बिघडत नाही. तो अंगकोरच्या ऐन मध्यात आला, तर ज्यासाठी एवढे लांब गेलो तेच हातचे जाते.

म्हणून कष्टाची ठिकाणे दिवस चार ते बारामध्ये बसवावीत. दुसरे असे, की एका रात्रीचे दोन मुक्काम पाठोपाठ कधीही घेऊ नयेत. बॅग भरणे, खोली सोडणे, गाडीची वाट पाहणे आणि नव्या गावात पुन्हा सगळे लावणे यात अर्धा दिवस जातो, मग अंतर शंभर किलोमीटर असो वा हजार. तिसरी गोष्ट कपडे धुण्याची. दर सहा-सात दिवसांनी किमान तीन रात्रींचा मुक्काम आला, की कपडेही धुतले जातात आणि माणसेही विसावतात.

७. एखादा प्रत्यक्ष कार्यक्रम तारखांसह मांडून दाखवाल का?

पासष्टीतले आई-बाबा आणि चाळिशीतले मुलगा-सून असे चौघे १२ नोव्हेंबर २०२६ च्या रात्री मुंबईहून निघून ३ डिसेंबरला परत येत आहेत, असे धरू.

१३ नोव्हेंबरला, शुक्रवारी, पहाटे हनोई. तेथे चार रात्री. शुक्रवार संध्याकाळपासून रविवारपर्यंत होआन किएम तळ्याभोवतीचे रस्ते वाहनांना बंद असतात, त्यामुळे पहिल्या संध्याकाळी दुचाक्यांच्या लोंढ्यातून रस्ता ओलांडण्याची कसरत न करता तळ्याकाठी फिरता येते. १७ तारखेला हा लाँग उपसागरात बोटीवर एक रात्र. १८ आणि १९ निन्ह बिन्ह, जेथे चुनखडीच्या डोंगरांमधून नावेत बसूनच फिरायचे असते. २० ला हनोईहून विमानाने अंगकोरजवळचे सिएम रीप.

सिएम रीपला पाच रात्री पाहून अनेकांच्या भुवया उंचावतात. याचे कारण अंगकोरच्या तिकिटात आहे. तीन दिवसांचे तिकीट ६२ डॉलरचे असते आणि त्यातील तीन दिवस सलग वापरण्याचे बंधन नसते, दहा दिवसांत केव्हाही वापरता येतात. म्हणून २१ ला सकाळी अंगकोर थॉम आणि बायोन पाहून अकरापर्यंत खोलीवर परतावे. २२ ला तिकीट न वापरता तोनले साप सरोवराकडे जावे. पावसाळ्यात मेकाँगचे पाणी उलटे वाहत या सरोवरात येते, त्यामुळे नोव्हेंबरमध्ये ते भरलेले असते आणि खांबांवरच्या घरांपर्यंत नाव जाते. २३ ला पहाटे अंगकोर वाटचा सूर्योदय. मुख्य मंदिराच्या वरच्या मजल्यावर जाणारा जिना उभा आहे, तेव्हा गुडघे दुखणाऱ्यांनी खालच्या मजल्यावरील समुद्रमंथनाचे शिल्प निवांत पाहावे. माझ्या मते तेच अधिक मोलाचे आहे. २४ ला बांते स्रेईचे मंदिर, किंवा कोणाला नको असेल तर विश्रांती.

२५ ला बँकॉकमार्गे क्राबी, सहा रात्री. १ डिसेंबरला बँकॉक, दोन रात्री, आणि ३ ला मुंबई. खरेदी शेवटच्या मुक्कामी ठेवल्याने सामानाचे वजन आधीच्या विमानांत वाढत नाही.

एकूण हिशेब वीस रात्री मुक्कामाच्या आणि एक विमानातली. एका रात्रीचा मुक्काम फक्त एकच आहे.

८. थायलंडचा समुद्र म्हणजे समुद्र. को समुई स्वस्तात मिळत असेल तर क्राबीऐवजी ते का घेऊ नये?

स्वस्त मिळते ते पावसामुळेच. को समुई आखाताच्या बाजूला आहे आणि नोव्हेंबर हा तेथील वर्षातला सर्वांत पावसाळी महिना आहे. २०२५ च्या नोव्हेंबरअखेरीस दक्षिण थायलंडमधील हाट याय शहर बुडाले, तेही याच बाजूच्या पावसाने. अंदमानकडील बाजू त्या वेळी उघडत असते. समुई जुलै-ऑगस्टसाठी राखून ठेवावे.

९. परतीचे तिकीट बँकॉकचेच काढले आणि सुरुवातही तेथूनच केली, तर सोपे नाही का?

तिकीट काढायला सोपे आहे, पण मग बँकॉकहून हनोई गाठण्यात एक जास्तीचा प्रवासाचा दिवस आणि एक जास्तीचे विमान येते, तेही जागरणानंतर. स्वस्त विमान कंपन्या जाणे आणि येणे यांची तिकिटे स्वतंत्रपणे विकतात, त्यामुळे मुंबई-हनोई आणि बँकॉक-मुंबई अशी दोन वेगळी तिकिटे बहुधा फारशी महाग पडत नाहीत. तुलना करताना बँकॉक-हनोईचे भाडे आणि त्या विमानातील सामानाचे पैसे पहिल्या पर्यायात मिळवायला विसरू नये.

बँकॉकला सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग असे दोन विमानतळ आहेत. २५ तारखेसारखा जोडप्रवास असेल, तर दोन्ही उड्डाणे एकाच विमानतळाची आहेत ना, हे तिकीट काढण्यापूर्वी पाहावे. अन्यथा सामान घेऊन शहर ओलांडावे लागते.

१०. व्हिसामुळे क्रम अडतो का?

व्हिएतनाम एकदाच गाठणार असाल तर नाही. व्हिएतनामचा ई-व्हिसा एकदा प्रवेशाचा आणि अनेकदा प्रवेशाचा असा दोन प्रकारचा असतो. हनोई, मग सिएम रीप आणि मग पुन्हा सायगाव असा क्रम ठेवलात, तर दुसरा प्रकार लागतो, आणि अर्ज भरताना ही गोष्ट हटकून राहून जाते. अर्ज evisa.gov.vn या सरकारी संकेतस्थळावरच भरावा. थायलंडसाठी आगमनाचे डिजिटल कार्ड पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचे असते. प्रश्न ७ मधील कार्यक्रमात ते दिवस सिएम रीपमध्ये येतात, तेव्हा २३ तारखेच्या दुपारी विश्रांतीच्या वेळात ते काम उरकावे.

११. सिएम रीपहून बँकॉकला बसने गेलो तर पैसे वाचतील ना?

हा मार्ग धरून क्रम आखू नये. दोन देशांतील सीमावादामुळे २०२५ च्या जूनपासून जमिनीवरील नाकी बंद झाली आणि त्याच वर्षी तेथे सशस्त्र संघर्षही झाला. विमानानेच जावे, आणि सीमेलगतची मंदिरे कार्यक्रमात घेऊ नयेत.

१२. हा लाँगची बोट वादळामुळे रद्द झाली तर पुढचा सगळा क्रम कोलमडेल का?

हा लाँगनंतर लगेच विमान असेल तरच कोलमडेल. वादळाचा इशारा आला की तेथील बंदर प्रशासन बोटींना मनाई करते आणि त्यापुढे कोणाचे काही चालत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये यागी वादळाने या उपसागरातील अनेक बोटी बुडवल्या. नोव्हेंबरच्या मध्यात उत्तर व्हिएतनामला वादळाचा धोका बराच उतरलेला असतो, पण तो शून्य नसतो.

प्रश्न ७ मध्ये हा लाँग आणि निन्ह बिन्ह शेजारी ठेवले आहेत ते यासाठीच. वादळाचा अंदाज साधारण तीन-चार दिवस आधी कळतो. nchmf.gov.vn हे व्हिएतनामच्या हवामान खात्याचे संकेतस्थळ आहे. मार्ग उत्तरेकडे वळताना दिसला, तर आधी निन्ह बिन्ह आणि मग बोट अशी अदलाबदल करता येते. त्यासाठी दोन्ही आरक्षणे तारीख बदलता येईल अशीच घ्यावीत, भले थोडे पैसे जास्त पडोत.

१३. आमची द्राक्षबाग आहे. गोडी छाटणीच्या हंगामात घर सोडता येत नाही; जुलै-ऑगस्टच मोकळा असतो. तेव्हा काय करावे?

पिंपळगाव-निफाड भागातून हा प्रश्न नेहमी येतो, आणि त्याचे उत्तर वरील बहुतेक गोष्टी उलट्या करते. जुलै-ऑगस्टमध्ये हनोई तापलेले व पावसात असते, वादळांचा काळही तोच, आणि क्राबीचा समुद्र खवळलेला असतो. याउलट दानांग-होई आन कोरडे असते, कारण नैऋत्य वारे त्या डोंगररांगेच्या पलीकडेच रिकामे होतात. समुईही तुलनेने कोरडे असते.

म्हणून होई आन परिसरात सात-आठ रात्री, मग सिएम रीपला चार-पाच आणि शेवटी समुई असा क्रम ठेवावा. अंगकोरला त्या दिवसांत पाऊस बहुधा दुपारनंतर येतो, तेव्हा सकाळी सहा ते अकरा एवढेच फिरावे. गर्दी कमी असते आणि परिसर हिरवागार असतो, हा फायदाच. होई आनला मात्र दुपारचे ऊन कडक असते. हनोई या प्रवासातून वगळलेले बरे.

१४. शाळांमुळे मे महिन्यातच जाता येते. क्रम तोच ठेवावा का?

नाही, उलटा ठेवावा. मेच्या मध्यापासून अंदमान किनाऱ्यावर पावसाळा सुरू होतो, म्हणून क्राबी किंवा फुकेत आधी उरकावे. अंगकोरला उन्हाळा कडक असल्याने तेथे दोन पूर्ण दिवसांवर थांबावे. शेवटी उत्तर व्हिएतनाम, आणि हनोईच्या उकाड्यापेक्षा तिथल्याच सापा या डोंगरातल्या गावी जास्त रात्री. हेच सापा नोव्हेंबरमध्ये धुक्यात आणि थंडीत असते आणि भाताची कापणीही झालेली असते, म्हणून प्रश्न ७ मध्ये ते घेतलेले नाही.

१५. आमच्या तारखांत त्रिपुरी पौर्णिमा येते. तिचा क्रमाशी काही संबंध आहे का?

दोन प्रकारे आहे. कंबोडियाचा जलोत्सव आणि थायलंडचा लॉय क्राथोंग हे दोन्ही सण याच पौर्णिमेच्या आसपास येतात. २०२६ मध्ये ती २४ नोव्हेंबरला आहे. नॉम पेन्हमध्ये नौकांच्या शर्यतींसाठी त्या दिवसांत प्रचंड गर्दी लोटते, तेव्हा ते शहर नेमके तेव्हा गाठू नये. सिएम रीपलाही नदीकाठी उत्सव असतो, पण गर्दी सोसवेल इतकी असते. मात्र खोल्या आधी घ्याव्यात.

दुसरा संबंध समुद्राशी आहे. पौर्णिमेनंतरचे दोन-तीन दिवस उधाणाचे असतात. ओहोटीला क्राबीच्या काही किनाऱ्यांवर पाणी इतके मागे जाते, की लांब शेपटीच्या नावेपर्यंत चिखलातून चालावे लागते, आणि ओढीमुळे पाणीही गढूळ होते. प्रश्न ७ मधील चौघे २५ तारखेला क्राबीला पोहोचतात. त्यांनी पहिले तीन दिवस किनाऱ्यावर विश्रांतीत घालवावेत आणि बेटांची सफर व पाण्याखालचे प्रवाळ पाहणे २९ किंवा ३० तारखेला ठेवावे. तोपर्यंत भांगाची भरती जवळ आलेली असते, ओढ कमी होते आणि पाणी निवळते.